कंसातलं ‘जाणे’

“कंसात काय आहे? वाच. मोठ्यानं वाच,” हेडमास्तर ओरडत होते. त्यांचा आवाज लागला की देहूरोडच्या छावणीतले शिपाई आपल्यालाच हुकूम झाला असं समजून सावधान उभे राहत. मी पाहिलेलं नाही, पण पाहून आलेले दोघं मला भेटलेत.

“जाणे,” ती म्हणाली.

“आणि लिहिलंस काय?”

“येतो.”

हेडमास्तरांनी हातातला खडू टेबलावर असा आपटला की त्याचं पीठ झालं. मग त्यांनी दुसऱ्याची पाटी उचलली, ती फौजीची. लढाईवरून पेन्शन घेऊन आलेला, पिंपरीच्या नव्या कारखान्यात वॉचमन व्हायला निघालेला धिप्पाड गडी. कारखान्यानं सातवीची फायनल मागितली म्हणून मिशीला पीळ देत पोरांच्या बाकावर येऊन बसला होता. त्याच्याही पाटीवर ‘येतो’. तिसरा होता खेडकडून आलेला सुतार, त्याच्याही पाटीवर ‘येतो’.

फळ्यावरचं वाक्य असं होतं: ‘आई, मी आता ____ (जाणे),’ असे म्हणून मुलगा घराबाहेर पडला.

“क्रियापद बदलायचं नाही,” हेडमास्तर म्हणाले. “कंसात देव जरी दिला तरी देवाचंच रूप लिहायचं. फक्त काळ शोधायचा. जाणे दिलंय, तर जातो. येतो कुठून आला?”

फौजी उभा राहिला. त्याला बसून बोलता येत नसे, पलटणीची सवय.

“गुरुजी, घरातून निघताना जातो कोण म्हणतं? मी बर्माच्या लढाईला निघालो तवा आईला येतो म्हणलो, म्हणून आलो. जातो म्हणलो असतो तर तिकडंच राह्यलो असतो.”

वर्गात हसू फुटलं. सुतार हसला, मी हसलो, हेडमास्तरांच्या मिशीचं एक टोकसुद्धा हलल्यासारखं झालं. ती हसली नाही. पाटी तिनं पुसली नाही आणि दुसरं काही लिहिलंही नाही.

तिचं काय होतं ते आधी सांगायला हवं.

आमची शाळा तळवड्याच्या बाजूला, इंद्रायणीकडे उतरणाऱ्या वाटेवर. आता तिथं बिनभोंग्याचे कारखानेही आहेत म्हणतात. तेव्हा भोंगा एकच, पिंपरीचा. वारा आपल्या बाजूनं असला तर तो ऐकू येई आणि गावातल्या बायका त्यावर भाकरी टाकायच्या. मी शाळेतला धाकटा मास्तर. पोरांची शाळा सुटली की दुपार कलताना हेडमास्तर बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा वर्ग घेत. त्याचा पगार नव्हता. पण पुण्याहून बदली होऊन इथं आलेल्या माणसाला व्याकरणाशिवाय करमतही नव्हतं. दर शनिवारी ते चिंचवडहून गाडी पकडून घरी जात, सोमवारी परत येत, आणि या येण्याजाण्याचा राग की काय, त्यांच्या सगळ्या उताऱ्यांतली माणसं कुठं ना कुठं जात असत. कोणी बाजाराला, कोणी आळंदीला, कोणी आजोळी. फळ्यावर ते रिकामी जागा ओढत ती अशी लांब की तिच्यावरून बैलगाडी जावी, आणि पुढे कंस काढत ते दोन विळे समोरासमोर ठेवल्यासारखे.

पण त्यात नुसता हट्ट नव्हता. परीक्षकांनाही ‘जाणे’ फार आवडायचं. बाकीची क्रियापदं सरळ असतात. बसणे, बसला, उठणे, उठला. जाणे मात्र भूतकाळात शिरलं की तोंडच बदलतं. ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतं. म्हणून उताऱ्यात पाच जागा असल्या तर एकीच्या कंसात हे असणारच, असं हेडमास्तर म्हणत, आणि त्यांचं ते म्हणणं मी तरी खोटं ठरलेलं पाहिलं नाही.

ती गावातल्याच एका घरची सून. माहेर चाकणच्या पलीकडे. लग्नाआधी सहावीपर्यंत शिकलेली. नवरा मुंबईला गोदीत काम करायला म्हणून निघाला आणि तिकडून परत आला नाही. पहिल्या वर्षी दोनदा निरोप आला, दुसऱ्या वर्षी एकदा, मग तोही थांबला. गावातले मुंबईहून येणारे लोक तिच्या दारावरून जाताना वाट वाकडी करून जाऊ लागले, यावरून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. घरात उरल्या दोघी, सासू आणि सून.

पुण्यात बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं. सातवीची फायनल पास झाली की तिथं जागा मिळायची, राहायला वसतिगृह, वर थोडा भत्ता, आणि बाहेर पडलं की मास्तरीण. हे तिला कुणी सांगितलं म्हणाल तर मीच. सासूनं तिला परवानगी दिली ती एकाच अटीवर. परीक्षेला एकदाच बसायचं. पास झाली तर पुणं, नाही तर परत चूल, आणि मग पुस्तकाचं नाव काढायचं नाही. म्हातारीनं हे मला दारात उभं राहूनच सांगितलं होतं, आणि ती एकदा बोलली की गावचा पाटीलसुद्धा उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशी यायचा.

पोरीचं गणित कच्चं होतं. व्याजाची उदाहरणं आली की तिचा चेहरा पाण्यात बुडल्यासारखा होई. इतिहास-भूगोल बेताचा. सगळी मदार मराठीवर. निबंध ती असा लिही की हेडमास्तर वाचताना ओरडायचं विसरत. आणि त्या मराठीत ही एकच गाठ, जाणे.

कारण ‘येतो’ ही नुसती त्या दिवसाची चूक नव्हती. फौजीनं आणि सुतारानं दुसऱ्या दिवशी कानाची पाळी धरून ‘जातो’ लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी विसरून पुन्हा ‘येतो’ लिहिलं, तो भाग वेगळा. तिचं तसं नव्हतं. ती बाकी प्रत्येक क्रियापद बरोबर लिही. ‘मुलाने भाकरी ____ (करणे)’ दिलं तर फौजी ‘केला’ लिही, कारण त्याला वाटे की क्रियापदानं मुलाच्याच मागं चालावं. ती मात्र न विचारता ‘केली’ लिही, कारण मुलाला ‘ने’ लागला की क्रियापद भाकरीचं ऐकतं. ‘उद्या’ दिसलं की भविष्यकाळ, ‘दररोज’ दिसलं की वर्तमान, ‘लहानपणी’ दिसलं की ‘जात असे, खेळत असे’. असले खुणेचे शब्द ती चोरवाटा ओळखाव्या तशी ओळखे. पण पुरुष माणूस घरातून निघाला आणि कंसात ‘जाणे’ आलं की तिचा हात वळायचाच.

एकदा मीच उतारा दिला. ‘काल वडील सकाळीच बाजाराला ____ (जाणे). संध्याकाळी ते परत आले.’ सोपा. ‘गेले’ लिहा, ‘गेले होते’ लिहा, दोन्ही चालतं. तिनं लिहिलं, ‘गेले आहेत’.

मी फळ्याकडे वळलो आणि मोठ्या थाटात समजावायला लागलो. थाट म्हणजे काय, माझ्या वाणीनं त्या दिवशी खिडकीतली चिमणीसुद्धा व्याकरण शिकली असेल. मी म्हटलं, गेला, गेला आहे, गेला होता, हे तिन्ही भूतकाळातलंच जाणं, पण तिघांत मोठं अंतर आहे. ‘गेला आहे’ याला पूर्ण वर्तमानकाळ का म्हणतात? जाणं होऊन गेलं, पण त्याचं न असणं अजून चालू आहे. तो परतलेला नाही. बाजाराला गेला आहे, म्हणजे अजून बाजारातच आहे, जेवायला थांबा. ‘गेला होता’ म्हणजे त्यानंतर काहीतरी घडलंय. बहुतेक वेळा तो परतही आलाय. तुमचे वडील संध्याकाळी परत आले ना? मग सकाळचं ‘गेले आहेत’ कसं टिकेल?

फौजीनं मान हलवली. सुतारानं सगळं लिहून घेतलं. मग तिनं, जी वर्गात कधी स्वतःहून बोलत नसे, विचारलं, “आणि परत येणारच नसला, तर कोणता काळ, गुरुजी?”

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे. ते नसलं तर मी घडवून देई. त्या कामात माझा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता.

पण त्या दिवशी उत्तर दिलं ते दारात उभ्या हेडमास्तरांनी. ते केव्हा आले होते कळलं नाही. त्यांचा आवाज त्या दिवशी एवढा खाली होता की मला आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं.

“साधा भूतकाळ,” ते म्हणाले. “गेला.”

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फायनल तोंडावर आलेली. फौजी म्हणाला, “पोरगी आजारी हाय.” सुतार म्हणाला, “नाही, सासूनं अडवलंय.” हेडमास्तरांनी फळ्यावर उतारा लिहिताना कंसात ‘शिजवणे’ घातलं, ‘शिवणे’ घातलं, ‘पेरणे’ घातलं. कोणालाही कुठंही पाठवलं नाही.

आठवडा व्हायला आला तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो.

त्या घराची एक रीत होती, ती गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी उघड बोलत नसे. तिथं त्या मुलाबद्दल ‘गेला’ म्हणायचं नाही. ‘गेलाय’ म्हणायचं. कोणी चुकून “तुमचा मुलगा मुंबईला गेला तेव्हा” असं म्हणालाच, तर म्हातारी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राही, तो “गेलाय” असं दुरुस्त करीपर्यंत. एकदा तलाठी सातबाऱ्यावरची नावं लावायला आला आणि त्याच्या तोंडून ‘गेला’ निघालं. गावात सांगतात की तो पायरी उतरून पार वेशीपर्यंत “गेलाय, गेलाय” असं पुटपुटत गेला. वेशीपर्यंतचं मी खात्रीनं सांगत नाही. पायरीपर्यंत तरी नक्की.

आपल्याकडे नुसतं ‘गेला’ म्हटलं, पुढे गाव नाही, बाजार नाही, तर ऐकणारा काय समजतो हे मी कुणाला सांगायला नको. म्हातारी त्या एका ‘य’वर मुलाला धरून बसली होती.

मी गेलो तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती. सून आत होती. भांड्यांचा आवाज येत होता. म्हातारीनं मला बसायला गोणपाट दिलं.

“पोरगी पाठवा,” मी म्हटलं. “परीक्षा आठ दिवसांवर आलीय.”

“ती जात न्हाई म्हणती.”

“तिला विचारलंत का?”

म्हातारीनं दोन-तीन शेंगा फोडल्या. मग तिनं मला असं विचारलं की मला वाटलं ही मला परीक्षेलाच बसवतीय.

“गुरुजी, त्या कंसात काय लिवायचं असतंय?”

मी सांगितलं. कंसात जे दिलंय तेच क्रियापद, फक्त योग्य रूपात. आई, मी आता जातो. एवढंच.

“आन् जातो लिवलं की पास करत्यात.”

“गुण देतात. नाही लिहिलं तर कापतात.”

“मंग तिला दुसरं काय तरी लिव म्हनावं. निघतो लिव म्हनावं. निघतो वंगाळ न्हाई.”

“दुसरं चालत नाही, आजी. कंसातलंच चालतं.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हातारी शेंगा फोडायची थांबली नाही. तिचे हात आपोआप चालत होते आणि ती माझ्याकडे नाही, कुंपणाकडे बघत होती, जिथून वाट चिंचवडच्या स्टेशनाकडे जाते.

“माजा ल्योक निघाला तवा उंबऱ्यातनं येतो म्हणला,” ती म्हणाली. “चार माणसांदेखत म्हणला. त्याला कुनी काय म्हणू नये. पद्धतीनं बोलला त्यो.”

पद्धतीनं बोलला होता खराच. मी माझ्या आयुष्यात बऱ्याच लोकांना बोलण्यात हरवलंय, पण त्या म्हातारीपुढे मी उठून पायात वहाणा घातल्या. निघताना नेहमीच्या सवयीनं “येतो” म्हणालो आणि तो शब्द माझ्याच तोंडात खडा लागल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सून वर्गात आली. आपल्या जागी बसली, पाटी काढली. म्हातारीनं रात्री काय म्हटलं, काही म्हटलं की नाही, हे मला कधी कळलं नाही. हेडमास्तरांनी तिच्याकडे न बघता फळ्यावर उतारा लिहिला आणि पाचवी जागा ओढून कंसात ‘जाणे’ घातलं. ‘भाऊ परगावी ____ (जाणे), म्हणून घर सुने वाटते.’ म्हणजे गेला आहे. बरोबर तिचंच उत्तर. तिनं ‘गेला आहे’ लिहिलं. हेडमास्तरांनी पाटीवर बरोबरची खूण केली आणि पुढे सरकले. तिला पहिल्यांदाच त्या क्रियापदाचे गुण मिळाले होते, आणि त्याचा आनंद कोणालाच झालेला दिसला नाही.

फायनलचं केंद्र चिंचवडला. सुतार आपल्या नातेवाइकांकडे आधीच जाऊन राहिला होता. फौजी आणि ती बैलगाडीत, मी गाडीच्या मागे पायी, हेडमास्तर सायकलवर पुढे. ती सायकल इतकी जुनी होती की चढ आला की तिला ढकलावं लागे आणि उतार आला की आवरावं लागे. फौजीनं लढाईतला बिल्ला छातीवर लावला होता. परीक्षकाला जरब बसावी म्हणून, असं तो म्हणाला. परीक्षक तिथं नसतात, पेपर तपासायला दुसरीकडे जातात, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

निघताना म्हातारी उंबऱ्यात उभी होती. सुनेनं तिच्या पाया पडून “येते, आत्या” म्हटलं. “ये,” म्हातारी म्हणाली. सगळं रीतीप्रमाणे झालं.

मराठीचा पेपर पहिलाच होता. हेडमास्तर आणि मी शाळेसमोरच्या चिंचेखाली थांबलो. हेडमास्तर एका जागी बसायचे नाहीत. त्यांनी त्या झाडाला एवढ्या फेऱ्या घातल्या की वटपौर्णिमेला बायका घालत नसतील. पेपर सुटला आणि पहिला बाहेर आला तो फौजी. हातातली प्रश्नपत्रिका त्यानं झेंड्यासारखी धरली होती. हेडमास्तरांनी ती ओढून घेतली आणि थेट चौथ्या प्रश्नावर गेले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

‘माझा भाऊ दररोज पहाटे ____ (उठणे). काल मात्र तो उशिरा ____ (उठणे). आईने त्याला शिदोरी बांधून ____ (देणे). ‘आई, मी आता ____ (जाणे),’ असे म्हणून तो मुंबईला निघाला. पुढच्या महिन्यात तो आम्हांला मुंबई ____ (दाखवणे).’

मुंबईच. दुसरं एखादं गाव घालायला परीक्षकाचं काय गेलं असतं? हेडमास्तरांनी प्रश्नपत्रिका खाली केली. फौजी आपलं सांगत सुटला होता. उठतो, उठला, दिली, हे त्यानं बरोबर केलं होतं. शिदोरी स्त्रीलिंगी आहे हे ओळखल्याबद्दल त्याला शाबासकी हवी होती. चौथ्या जागी काय लिहिलं, असं मी विचारलं.

“येतो,” तो म्हणाला. “हाताला वळणच तसं हाय, गुरुजी. दोन गुण गेलं तर गेलं. आईला जातो म्हणाया मी काय कसाई हाय?”

ती सगळ्यांच्या मागून आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, बोटांवर शाई. हेडमास्तर तिच्या दिशेनं दोन पावलं गेले आणि थांबले. ज्या माणसानं वर्षभर तिला या एका शब्दासाठी फाडून खाल्लं, त्याला आता तो शब्द विचारता येईना. शेवटी मी विचारलं.

“कंसात होतं तेच,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“जातो.” आणि मग फौजीला म्हणाली, “भाऊ, पाणी कुठं मिळंल?”

गणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी होता आणि तो वाईट गेला, हे ती बाहेर आल्यावर न सांगता कळलं.

निकाल लागला तेव्हा तिघंही पास होते. फौजी ‘येतो’ लिहूनही पास झाला आणि आयुष्यभर त्याचं म्हणणं राहिलं की परीक्षक आईवाला माणूस असणार, त्यानं गुण दिले. ती काठावर होती. गणितात अगदी रेघेवर, एकूण बेरीज त्याहून जेमतेम वर. हेडमास्तर हिशेब मांडून सांगत की त्या एका जागेचे दोन गुण नसते तर पोरगी बुडाली असती. तसंच असेल, नसेलही. उत्तरपत्रिका कोणी पाहिली? पण तो हिशेब ते गावात सगळ्यांना सांगत, आणि फौजीनं त्याच्या जोडीला तिनं चौथ्या जागी काय लिहिलं ते चावडीवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते म्हातारीच्या कानावर गेलं असणार. म्हातारीनं सुनेला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढंच झालं की पुढे कोणी पेढे द्यायला, कोणी अभिनंदन करायला त्या घरी गेलं आणि बोलण्याच्या ओघात “तुमचा मुलगा गेला त्या वर्षी” असं कोणी म्हणून गेलं, तर म्हातारी काम थांबवून बघायची नाही. लोकांच्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तर ते घाबरले असते.

पुण्याला निघायचा दिवस आला. चिंचवड स्टेशनावर सोडायला मी गेलो, हेडमास्तर शनिवारच्या गाडीनं तसेही जाणारच होते, त्यांनी तिला वसतिगृहापर्यंत पोचवायचं होतं. म्हातारी आयुष्यात कधी स्टेशनावर आली नव्हती. रुळांच्या अंगाला ती पोरगं विहिरीच्या काठाला उभं राहावं तशी जपून उभी राहिली. सुनेच्या ट्रंकेवर हात ठेवून तिनं एक-दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. वसतिगृहात कोण काय खायला देईल कुणास ठाऊक, म्हणून चटणीचं डबडं खाली ठेवलंय, वर ठेवू नको, सांडेल. आळंदीची कोणी बाई भेटली तर तिच्याकडून निरोप धाड. थंडीचं स्वेटर तिकडेच घे. अशी.

मुंबईकडून गाडी आली. धुरानं सगळं काळं झालं, माणसं उतरली, डोक्यावर ट्रंका, हातात पिशव्या. म्हातारीनं उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहिलं. मी पाहिलं की ती पाहत होती. सगळ्यांचे चेहरे बघून होईपर्यंत ती सुनेकडे वळली नाही. मग वळली.

हेडमास्तर ट्रंक उचलून आत गेले होते आणि आतून नेहमीच्या आवाजात जागा झाली म्हणून ओरडत होते. अख्खा डबा उठून उभा राहिला असेल. ती वाकली, सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठली. परीक्षेत एकदाच लिहिलेला तो शब्द, आणि रोजच्या सवयीचा दुसरा, दोन्ही तिच्या ओठांशी एका वेळी आल्यासारखे. गार्डानं शिट्टी फुंकली.

“येते, आत्या,” ती शेवटी म्हणाली.

यावर ‘ये’ म्हणायचं असतं. ते गावात पोराटोरांना ठाऊक असतं, शिकवावं लागत नाही. मीही त्या ‘ये’ची वाट बघत उभा होतो.

म्हातारीनं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

“जा,” ती म्हणाली. “गाडी सुटंल.”